ऐंशी-वीस सांगण्याआधी वही उघडा



परवा बांधावर एका कृषी सल्ल्याच्या कार्यक्रमाला बसलो होतो. सांगणारा पोरगा हुशार होता. म्हणाला, "दादा, ऐंशी टक्के फायदा वीस टक्के गोष्टींतून येतो, म्हणून आधी खताकडं लक्ष द्या." मी विचारलं, खतच का? कुणाच्या वहीतून काढलं हे? तो हसला आणि पुढच्या विषयावर गेला. तेव्हापासून डोक्यात बसलंय म्हणून लिहितो.

थोडी कारणं बराचसा परिणाम घडवतात, हे खोटं नाही. पण ती थोडी कारणं कोणती, हे ज्याच्या त्याच्या आकड्यातून निघतं, भाषणातून नाही. आणि कधीकधी अशी थोडी कारणं नसतातच. माझ्या भोकरच्या चार एकरांत तिन्ही प्रकार बघितले, ते सांगतो.

हिशोबाची रीत सोपी आहे. जितक्या बाबी आहेत त्या मोठ्यापासून लहानाकडं उतरत्या क्रमानं लिहायच्या. शेजारी बेरीज चढवत जायची, म्हणजे पहिली, मग पहिली अधिक दुसरी, असं. ती चढती बेरीज दर ओळीला एकूण रकमेनं भागायची आणि शंभरनं गुणायचं. याला संचयी टक्केवारी म्हणतात. पहिल्या दोन-तीन ओळींतच टक्का उंच उडी मारून मग रेंगाळला, तर समजायचं की मोजकी कारणं सापडली. सगळ्या ओळींत हळूहळू जिन्यासारखा चढत गेला, तर तसं काही नाही.

आता २०२४ च्या खरिपाचा माझा सोयाबीनचा खर्च बघा. चार एकर, एकूण ८८,००० रुपये.

काढणीचा गुत्ता १८,००० – २०.५ टक्के
बियाणं १२,४०० – ३४.५
नांगरणी, रोटाव्हेटर १२,००० – ४८.२
कीड-बुरशीच्या फवारण्या १०,४०० – ६०
मळणी ८,४०० – ६९.५
खत ८,००० – ७८.६
निंदणी ६,४०० – ८५.९
तणनाशक ४,४०० – ९०.९
पेरणी ३,६०० – ९५
वाहतूक, हमाली २,८०० – ९८.२
टॉनिक १,६०० – १००

ऐंशी टक्क्यांजवळ यायला अकरातल्या सहा ओळी लागल्या. वीस टक्क्यांत ऐंशी कुठंच नाही. खत सहाव्या नंबरावर. म्हणजे खर्चाच्या बाजूनं माझ्याकडं 'एकच मोठं कारण' नाही, पैसा सगळीकडून थोडाथोडा जातो. असा हिशोब निघाला की एका ओळीमागं लागून काही साधत नाही.

इथं एक चोरवाट आहे, ती ओळखून ठेवा. याच खर्चाचे मी चारच गट केले: दुकानाला ३६,८००, मजुरीला २४,४००, ट्रॅक्टर आणि मळणीयंत्राला २४,०००, वाहतूक-हमालीला २,८००. लगेच पहिला गट एकट्यानं जवळपास ४२ टक्के झाला. आकडे तेच, नुसती पोती बदलली. दुकान वाईट म्हणायचं असेल तर असा गट करा, मजूर महाग म्हणायचं असेल तर तसा करा. म्हणून कुणी कागद दाखवला की आधी विचारायचं, ओळी कशा पाडल्या? एक ओळ म्हणजे एक निर्णय असावा. बियाणं घरचं वापरायचं की विकतचं, हा एक निर्णय आहे. 'दुकान' हा निर्णय नाही.

आणखी एक गोष्ट. सगळ्यात मोठी ओळ आणि हलवता येणारी ओळ वेगळी असू शकते. काढणी पहिल्या नंबरावर आहे, पण शेंगा वाळल्यावर दर घासून बसलो तर रानातच फुटतात. बियाणं मात्र हातात आहे. घरचं सोयाबीन नीट साठवलं, शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासली आणि सत्तरच्या वर आली, तर पिशव्या आणायची गरज नाही. त्या वर्षी मी तपासलं नव्हतं, म्हणून १२,४०० गेले. हा माझा आळस.

खर्चात काही सापडेना म्हटल्यावर मी नुकसानाकडं वळलो. २०२४ ला सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत नांदेड, हिंगोली, परभणीत जो पाऊस झाला तो सगळ्यांना आठवतो. गावात प्रत्येकाचं एकच वाक्य, "रान गेलं." पण किती गेलं, कुठलं गेलं?

मी चार एकरांचे वीस-वीस गुंठ्यांचे आठ तुकडे पाडले आणि प्रत्येकाची बनीम वेगळी लावली. मळणीवाला वैतागला. म्हणाला, "भाऊ, आठ वेळा मशीन झाडायचं का?" झाडायला लावलं. एक खबरदारी घ्यावी लागली. नाल्याकडचा माल ओलसर होता, तसाच मोजला असता तर वजन जास्त भरून तिथलं नुकसान लपलं असतं. म्हणून सगळा माल ताडपत्रीवर सारखा वाळवला आणि मग काट्यावर घातला.

चांगल्या वर्षी मला वीस गुंठ्याला साडेचार क्विंटल होतं. म्हणजे ३६ व्हायला पाहिजे होते, झाले २८. आठ क्विंटलची तूट. ती तुकड्यांत अशी वाटली गेली: ३, २.५, ०.८, ०.६, ०.४, ०.३, ०.२, ०.२. बेरीज चढवा. पहिला तुकडा ३७.५ टक्के, दुसरा धरून जवळपास ६९, तिसरा धरून ७९. इथं मात्र उडी दिसली. आठातले दोन तुकडे, म्हणजे चार एकरातला फक्त एक एकर, आणि दोन-तृतीयांशाहून जास्त तूट तिथली.

हे दोन्ही तुकडे नाल्याच्या खोलगट कडेचे. पाणी तीन दिवस उभं होतं, मुळ्या गुदमरल्या, पानं पिवळी पडली. वरच्या सहा तुकड्यांत मिळून फक्त अडीच क्विंटलची तूट. म्हणजे माझं रान गेलं नव्हतं, एका एकराला पाणी निघायला वाट नव्हती.

त्या वर्षी हमीभाव ४,८९२ होता, माझ्या हातात ४,१०० पडले. त्या दोन तुकड्यांचे साडेपाच क्विंटल म्हणजे २२,५५० रुपये. मी मात्र पाणी ओसरल्यावर पिवळं पडलेलं बघून चारही एकरांत सारखं टॉनिक मारलं होतं. पैसे थोडेच गेले, पण दवा चुकीच्या जागी. जिथं दुखत होतं तिथं चर पाहिजे होता. उन्हाळ्यात जेसीबी लावून धुऱ्याच्या कडेनं चर काढला, सहा हजार लागले.

आता कुणी म्हणेल, साडेचार क्विंटल हा आकडा तुम्हीच धरला. बरोबर आहे, आणि इथंच फसगत होते. मी ऐटीत पाच क्विंटल धरले असते तर प्रत्येक तुकड्यात अर्धा क्विंटल तूट वाढली असती, एकूण बारा झाली असती, आणि त्याच दोन तुकड्यांचा वाटा ६९ वरून ५४ टक्क्यांवर आला असता. अपेक्षा फुगवली की सगळीकडंच नुकसान दिसतं आणि खरं दुखणं त्यात झाकून जातं. म्हणून अपेक्षा स्वतःच्या रानात प्रत्यक्ष मिळालेल्या उताऱ्याचीच धरावी, पिशवीवरच्या चित्राची नाही.

मग २०२५ उजाडलं. ऑगस्ट-सप्टेंबरात मराठवाड्यात काय झालं ते सांगायला नको. चर काठोकाठ वाहिला. मी पुन्हा आठ बनिमी लावल्या. ३६ च्या जागी १६ क्विंटल. वीस क्विंटलची तूट, आणि वाटणी अशी: २.९, २.७, २.६, २.५, २.५, २.४, २.२, २.२. पहिले दोन तुकडे मिळून फक्त २८ टक्के. आठातले दोन म्हणजे पंचवीस टक्के रान, त्यात २८ टक्के तूट. जवळजवळ सरळ रेघ. खोलगट आणि उंच, दोन्ही सारखेच बुडाले.

घरात म्हणाले, "चराचे सहा हजार पाण्यात गेले की." मला तसं वाटत नाही. रेघ सरळ आली याचा अर्थ कारण कुठल्या एका तुकड्यात नाही, ते सगळ्या रानावर सारखं आहे. तिथं चर, टॉनिक, खत यांतलं काहीच एकटं पुरत नाही. तिथं प्रश्न पीक विम्याचा आणि भरपाईचा असतो. उडी दिसली तर दुरुस्ती आपल्या हातात आहे, रेघ सरळ असली तर तिला एका शेतकऱ्याची चूक म्हणायचं नाही. २०२५ च्या नुकसानीनंतरही "व्यवस्थापन सुधारा" असं सांगत फिरणाऱ्यांना माझं म्हणणं एवढंच आहे.

जाता जाता नावाचं. या नियमाला इटलीच्या विल्फ्रेदो पारेतोचं नाव आहे. ते दिलं अमेरिकेतल्या जोसेफ ज्युरान यांनी. कारखान्यातले बहुतेक दोष थोड्याच कारणांमुळं येतात, हे ते शिकवायचे. पारेतोनं अभ्यास केला होता संपत्तीच्या वाटणीचा, मालातल्या दोषांचा नाही. चढत्या टक्क्यांची वक्ररेषा तर १९०५ साली मॅक्स लोरेंझनं मांडलेली. पुढं १९७५ मध्ये ज्युराननी स्वतःच लेख लिहून कबूल केलं की नाव देण्यात माझी चूक झाली. ज्यानं नियम जगभर नेला त्यानं चूक लिहून मान्य केली. आपण मात्र ऐंशी आणि वीस हे आकडे पंचांगासारखे पाठ करून बसलोय.

यंदा ज्याला जमेल त्यानं चार तरी बनिमी वेगळ्या लावा. मळणीवाला कुरकुर करेल, करू द्या. आकडे आले की खाली टाका, उडी आहे की सरळ रेघ ते मिळून बघू.