बाटलीवर नसलेली एक ओळ : अन्न व औषध प्रशासनाच्या आयुक्तांस अनावृत पत्र

मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई
यांचे सेवेशी,

महोदय,

अन्नाचा कायदा आणि औषधाचा कायदा ही दोन्ही दप्तरे आपल्या एकाच खात्यात नांदतात. आणि ज्या वस्तूंविषयी हा अर्ज आहे, त्या नेमक्या या दोहोंच्या मधल्या फटीत पडलेल्या आहेत. मन उदास राहते, झोप लागत नाही, अशा तक्रारींवर हायड्रॉक्सिट्रिप्टोफॅन, म्हणजे व्यवहारातले ५-एचटीपी, पूरक आहार म्हणून घरबसल्या मागवता येते. पश्चिम आफ्रिकेतील ग्रिफोनिया नावाच्या वेलीच्या बियांपासून ते काढलेले असल्यामुळे घेणारा त्यास ‘नैसर्गिक’ म्हणतो आणि निर्धास्त होतो. त्याच पंक्तीला बसणारे दुसरे द्रव्य एस-अ‍ॅडेनोसिल मेथिओनिन, ज्याला संक्षेपाने ‘सॅमी’ म्हणतात; ते आपल्याकडे अ‍ॅडेमेथिओनिन या नावाने यकृताच्या विकारांत लिहून दिले जाते, आणि परदेशांत मात्र खिन्नतेवरील पूरक म्हणून दुकानात मिळते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलमुलखात हा प्रश्न मुंबईपेक्षा निराळे रूप का घेतो, हे सांगण्यासाठी मी एक उदाहरण रचतो. व्यक्ती कल्पित आहे. परंतु त्यातील एकही तपशील या भागात अघटित नाही.

आलापल्लीच्या एका शिक्षिकाबाई गडचिरोलीच्या मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने रोज ५० मिलिग्रॅम सर्ट्रालिन घेतात. महिना होत आला तरी मनाला उभारी नाही, म्हणून पुण्याला असलेला मुलगा १०० मिलिग्रॅम ५-एचटीपीच्या कॅप्सूलची बाटली धाडतो, आणि बाई सकाळ-संध्याकाळ एकेक घेऊ लागतात. मध्येच कंबर धरते. गावातले डॉक्टर ट्रॅमाडॉल देतात. डॉक्टर विचारतात, ‘‘दुसरे काही औषध चालू आहे का?’’ बाई सर्ट्रालिनचे सांगत नाहीत, कारण मनाच्या औषधाचा उच्चार गावात नको वाटतो. आणि कॅप्सूलचेही सांगत नाहीत, कारण ते औषध आहे असे त्यांना वाटतच नाही. त्याच रात्री त्यांना दरदरून घाम फुटतो, अंग थरथरू लागते, जुलाब होतात, एका जागी बसवत नाही, आणि पहाटे ताप ३९ अंशांवर जातो.

आता हे घडते कसे? आपल्या आहारातील ट्रिप्टोफॅनपासून शरीर आधी ५-एचटीपी आणि मग सेरोटोनिन बनवते. यातील पहिल्या पायरीवर एक विकर बसलेले असते, आणि वनखात्याच्या नाक्यावर सागवानाची गाडी जशी पास तपासल्याशिवाय पुढे सरकत नाही, तसे ते विकर गरजेपुरताच माल पुढे जाऊ देते. ५-एचटीपी गिळणे म्हणजे तो माल थेट नाक्यापलीकडे उतरवणे होय. सर्ट्रालिन आणि त्याच्या कुळातील औषधे दोन मज्जापेशींच्या मधल्या जागेतून सेरोटोनिन परत शोषले जाण्याची वाट अडवतात, आणि ट्रॅमाडॉलही तेच काम थोडेफार करते. आवक मोकळी आणि जावक बंद, अशी ही स्थिती. सॅमीची वाट इतकी सरळ नाही, परंतु तेही निर्धोक नव्हे : क्लोमिप्रॅमिन घेणाऱ्या एका वृद्ध स्त्रीला सॅमीची इंजेक्शने दिल्यावर अशीच विषबाधा झाल्याची नोंद १९९३ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

येथे न्यायाने दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. नुसत्या तोंडाने घेतलेल्या ५-एचटीपीमुळे गंभीर सेरोटोनिन विषबाधा झाल्याचे दाखले थोडे आहेत. भयंकर प्रकार बहुधा एमएओ-रोधक गटातील औषधांच्या मिश्रणातून उद्भवतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, चालू औषधाने गुण न आलेल्या ७३ रुग्णांना सहा आठवडे सॅमीची ८०० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा, किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, जोडून देण्यात आली. सॅमीच्या गटात सुधारणा अधिक दिसली. पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली, मोजून-मापून चालले होते. ५-एचटीपीच्या बाजूचा पुरावा तर फारच तोकडा : २००२ सालच्या कॉक्रेन समीक्षेत ट्रिप्टोफॅन आणि ५-एचटीपीवरील १०८ चाचण्या तपासल्या गेल्या, आणि कसोटीस उतरल्या अवघ्या दोन, ज्यांत मिळून ६४ रुग्ण होते. एवढ्याशा लाभाच्या आशेवर चालू औषधात परस्पर भर घालावी, हे मला पटत नाही.

आता आलापल्लीच्या बाईंकडे परत येऊ. ताप, थरथर आणि भ्रम घेऊन पहाटे आलेला रुग्ण पाहिला की गडचिरोलीतील वैद्यकाच्या मनात प्रथम हिवताप येतो, आणि तो यावाच; मे महिना असेल तर चंद्रपूरकडच्या वैद्यकाला उष्माघात आठवतो, आणि शेतकऱ्याच्या घरचा रुग्ण असेल तर कीटकनाशकाची विषबाधा. या तिन्ही शंका योग्यच आहेत. चौथी मात्र सुचत नाही, आणि ती ओळखण्यास प्रयोगशाळा मुळीच लागत नाही. रुग्णाचा गुडघा किंचित वाकवून पाऊल झटक्याने वर दाबून धरावे. पाऊल हाताखाली लयीत ठेके देऊ लागले, त्यासोबत घाम किंवा अस्वस्थता असली, आणि सेरोटोनिन वाढवणारे औषध पोटात गेल्याचा इतिहास असला, तर ऑस्ट्रेलियात २००३ साली ठरलेल्या हंटर निकषांनुसार निदान झाले. गुडघ्याचे प्रतिक्षेप अतितीव्र असतात आणि ताठरपणा हातांपेक्षा पायांत अधिक असतो. बाहुल्या विस्फारलेल्या असतात, कीटकनाशकाच्या विषबाधेत त्या बहुधा टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. उष्माघातात पाऊल असे ठेके देत नाही. हिवतापाची पट्टी मात्र प्रत्येकाची करावी, आणि ती सकारात्मक आली म्हणून पाऊल तपासण्याचे सोडू नये.

उपचारही आवाक्यातला आहे. सर्व संशयित औषधे थांबवणे, शिरेतून द्रव, डायझेपामसारखे शामक, आणि अंग बाहेरून थंड करणे. येथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, कारण हा ताप स्नायूंच्या अविरत आकुंचनातून येतो. उतारा म्हणून दिले जाणारे सायप्रोहेप्टाडिन हे आपल्याकडे मुलांची भूक वाढवण्यासाठी सर्रास विकले जाणारे औषध आहे; ४ मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या ही मोठ्या माणसाची आरंभीची मात्रा. ताप ४१ अंशांपलीकडे गेला तर मात्र रुग्णास कृत्रिम श्वसनाची सोय असलेल्या ठिकाणी हलवावेच लागते, आणि भामरागड किंवा सिरोंच्याहून ती वाट किती लांब आहे, हे आपल्या नकाशावरही दिसेल.

सबब माझी मागणी मर्यादित आहे. पूरक आहाराविषयीच्या केंद्रीय विनियमांत, वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे छापण्याबरोबरच ज्ञात दुष्परिणाम आणि औषधांशी होणाऱ्या आंतरक्रिया लागू असतील तेथे नमूद करण्याची तरतूद आहे. ती आपल्या अन्न शाखेने ५-एचटीपीच्या बाबतीत तपासावी, आणि ‘नैराश्यावरील औषध, ट्रॅमाडॉल किंवा लिनेझोलिड चालू असल्यास घेऊ नये’ ही ओळ मराठीत, ठळक अक्षरांत असावी, असा आग्रह धरावा. लिनेझोलिडचे नाव मुद्दाम घेतले आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर ते दिले जाते, ते स्वतः एमएओ-रोधक आहे, आणि क्षय आमच्या भागात अपरिचित नाही. त्याच ओळीखाली ‘चालू औषध स्वतःहून बंद करू नये’ हेही यावे. नाहीतर बाटली वाचून घाबरलेला माणूस सर्ट्रालिनच फेकून देईल आणि कॅप्सूल चालू ठेवील. फ्लुओक्सेटिन घेणाऱ्याने तर ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून थांबवल्यावरही सुमारे पाच आठवडे ५-एचटीपीपासून दूर राहावे, कारण त्याचा अंश तितके दिवस शरीरात रेंगाळतो.

आपल्या औषध शाखेकडे दुसरी विनंती : नैराश्यावरील औषध चिठ्ठीवर देताना विक्रेत्याने ‘‘टॉनिक, कॅप्सूल, पावडर, मुलाने पाठवलेले काही घेता का?’’ असे विचारावे, अशी तजवीज परिपत्रकाने करावी. ‘‘दुसरे औषध घेता का?’’ या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असेच येते.

आपला विश्वासू,
चंद्रपूर येथील एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी