जाहिरात वाढवण्याआधी अडकलेले पैसे मोजा

लाकडी घाण्याचं तेल, कॉफी, मसाले किंवा मांजरांचं खाद्य ऑनलाइन विकणाऱ्या मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो: "जाहिरात चांगली चालतेय, मग बजेट दुप्पट करायला काय हरकत आहे?" माझं उत्तर असं, की एका नव्या गिऱ्हाइकावर घातलेला पैसा किती महिन्यांनी परत येतो, हे सांगता येईपर्यंत बजेटला हात लावू नका.

तेलाचंच गणित मांडू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. दोन लिटरच्या डब्यामागे शेंगदाणे, गाळप, डबा, खोकं, कुरिअर, पेमेंट गेटवेचं कमिशन आणि परत आलेल्या पार्सलांचा भुर्दंड वजा जाता २५० रुपये सुटतात. इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीतून एक नवं गिऱ्हाईक ६०० रुपयांना पडतं. म्हणजे पहिल्या ऑर्डरला ३५० रुपये अंगावर. हे नुकसान म्हणायचं नाही, कारण तेल संपलं की माणूस परत येतो. पण सगळे येत नाहीत. शंभरातले पुढच्या महिन्यात ४० आले, मग ३०, २६, २४ आणि २०, तर त्यांच्या ऑर्डरी १४० होतात आणि ३५,००० रुपये सुटतात. शंभर जणांमागे अंगावर आलेली रक्कम तेवढीच होती. ती पाच महिन्यांत फिटली. हाच वसुलीचा काळ, म्हणजे पेबॅक पिरियड.

पाच महिने ऐकायला बरे वाटतात. पण दुकानदार दर महिन्याला ६०,००० रुपयांची जाहिरात करतो आणि दर महिन्याला शंभर जणांची नवी तुकडी येते. आधीच्या तुकडीचे पैसे वसूल व्हायच्या आत पुढची अंगावर पडते. शंभर जणांमागे पहिल्या महिन्यात ३५,००० अडकलेले असतात, मग २५,०००, १७,५००, ११,००० आणि ५,०००. या पाच तुकड्या एकाच वेळी चालू असतात, म्हणून एकूण ९३,५०० रुपये कायमचे बाहेर राहतात. भाडं, पगार, शेंगदाण्याचा साठा यांचे पैसे वेगळेच. ज्याच्याकडे जाहिरातीसाठी लाखभर रुपये मोकळे आहेत, त्याची मर्यादा महिना ६४,००० रुपयांच्या आसपास आली. त्यापुढची वाढ जुन्या, वसुली झालेल्या तुकड्यांतून जे सुटेल तेवढ्याच वेगाने होईल, नाहीतर कर्ज काढून.

आता बजेट १,२०,००० करू. गिऱ्हाइकं २०० होतील अशी आशा असते, पण होतात १६० च्या आसपास, कारण ज्यांना घाण्याचं तेल हवंच होतं ते आधीच आलेले असतात. डॅशबोर्डवर सरासरी दिसते ७५० रुपये. पाच महिन्यांनंतर दर महिन्याला शंभरातले सोळा येत राहिले असं धरलं, तर त्या हिशेबाने वसुली नऊ महिन्यांत. इथेच फसगत होते. वाढवलेल्या ६०,००० रुपयांत फक्त ६० जण आले, म्हणजे त्यांतला प्रत्येक १,००० रुपयांना पडला. त्याच्यामागे पहिल्याच दिवशी ७५० रुपये अंगावर. शंभरातले तेच सोळा दर महिन्याला येत राहिले, तरी वसुलीला पंधरा महिने लागतात. या साठ जणांचे अडकलेले पैसे जवळपास तीन लाख आठ हजार. जाहिरात दुप्पट झाली आणि बाहेर असलेलं भांडवल ९३,५०० वरून चार लाखांवर गेलं. माल खपतोय, ऑर्डरी वाढताहेत आणि शेंगदाणेवाल्याला द्यायला पैसे नाहीत, ही अवस्था अशीच येते. क्रेडिट कार्डाने महिना-दीड महिना ढकलता येतो, पंधरा महिने नाही.

म्हणून खतावणी महिन्यावार ठेवा. जानेवारीत पहिल्यांदा आलेले किती, त्यांतले फेब्रुवारीत, मार्चमध्ये किती परतले, त्यांच्याकडून किती सुटले. जाहिरातीच्या डॅशबोर्डवर विसंबू नका, तिथे जुन्या गिऱ्हाइकाची ऑर्डरही जाहिरातीच्या खात्यात जमा दिसू शकते. दिवाळीची तुकडी वेगळी काढा. फराळापुरतं तेल घेणारे बरेच जण पुन्हा फिरकत नाहीत, आणि त्यांच्या भरवशावर नोव्हेंबरात वाढवलेलं बजेट फेब्रुवारीत गळ्याशी येतं.

माझ्या मते पहिला प्रयत्न पहिल्या ऑर्डरवर हवा. त्याच खोक्यात गूळ किंवा हळद गेली आणि २५० ऐवजी ३५० सुटले, तर अंगावर येतात २५०. परत येणारे तेवढेच राहिले, तरी वसुली चौथ्या महिन्यात होते आणि अडकलेले पैसे ९३,५०० वरून ४८,५०० वर येतात. त्याच लाखभर रुपयांत महिना १,२०,००० ची जाहिरात पेलू शकते, पण नवं गिऱ्हाईक ६०० रुपयांनाच मिळत राहिलं तरच.