अनामत परत मागताना

आमच्या पुतण्याने कोथरुडातील भाड्याची जागा ३१ मे रोजी सोडली. महिना लोटला, तरी ६०,००० रुपयांची अनामत परत येईना. संतापून त्याने मालकांस मोबाईलवर लिहिलेला मजकूर मी पाहिला. त्यात दूषणे पुष्कळ होती. पण तारीख एकही नव्हती!

प्रथम आम्ही करारनामा उघडला. किल्ली दिल्यावर थकलेली बिले व मोडतोड वजा करून अनामत परत करावी, असे त्यात होते. रंगाच्या खर्चाचे कलम नव्हते. ते असते, तर ती वजावट मान्य करणे भाग होते. मग पुढील मजकूर धाडला:

“स. न. वि. वि. ३१ मे रोजी जागा रिकामी करून किल्ली आपल्या हाती दिली. त्या दिवशीची खोल्यांची छायाचित्रे सोबत आहेत. अनामत ६०,००० रुपयांतून मेचे वीजबिल १,१४० रुपये वजा जाता उरलेले ५८,८६० रुपये कृपया १५ जुलैपर्यंत माझ्या खात्यात भरावेत. अन्य वजावट असल्यास तिचा तपशील पावतीसह कळवावा. कळावे.”

वीजबिल आपणच वजा केल्याने वादाचे एक कारण मिटले. तरी भिंती मळल्या म्हणून मालकांनी रंगाचे ८,००० रुपये मागितलेच. पुतण्याने कलम दाखवून उत्तर दिले, “वापराने मळलेली भिंत ही झीज होय, मोडतोड नव्हे.” १४ जुलैस पूर्ण ५८,८६० रुपये जमा झाले.