चर्चेतील क्रियापदे आणि हळदीची साक्ष

शोधनिबंध वाचण्याची आपल्या व्यवसायातील रूढ रीत अशी की, प्रथम सारांश पाहावा, मग एकदम चर्चा व निष्कर्ष गाठावेत आणि मधली कोष्टके सवडीसाठी ठेवावीत. ती सवड बहुधा येत नाही. ज्या निबंधांत कोणतेही औषध देऊन पाहिलेले नसते, केवळ दोन गोष्टी एकत्र मोजून त्यांचा सहसंबंध काढलेला असतो, त्यांच्या बाबतीत ही रीत विशेष धोक्याची आहे. कारण अशा निबंधात जे सापडले ते कोष्टकात असते आणि जे सापडावेसे वाटले ते पुष्कळदा चर्चेत असते. माझे मत असे की, असा निबंध परीक्षणास आला म्हणजे परीक्षकाने चर्चेतील क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी आणि प्रत्येक क्रियापदास पद्धतीच्या पानापुढे उभे करावे. हे कसे करावयाचे, ते आपल्या परिचयाच्या द्रव्यावरील एका निबंधाच्या आधारे सांगतो.

२००६ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजी’ या नियतकालिकात सिंगापूर येथील एनजी व त्यांच्या सहकाऱ्यांचा करीसेवन आणि वृद्धांची बोधनक्षमता या विषयावरील निबंध प्रसिद्ध झाला. ६० ते ९३ वर्षे वयाचे, स्मृतिभ्रंशाचे निदान नसलेले १०१० वृद्ध त्यांनी अभ्यासले. करी किती वेळा खाता, हे विचारून त्यांचे तीन गट केले: ‘कधीच नाही वा क्वचित’, ‘अधूनमधून’ आणि ‘वारंवार वा अतिवारंवार’. सर्वांची मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन ही ३० गुणांची सुपरिचित चाचणी घेतली. सामाजिक स्थिती, आरोग्य, सवयी इत्यादी ज्ञात घटकांचा हिशेब वजा करूनही दुसऱ्या व तिसऱ्या गटाचे गुण पहिल्या गटापेक्षा लक्षणीयरीत्या अधिक भरले. काम नेटके आहे, नमुना मोठा आहे आणि लेखकांनी संयमही राखला आहे. पुरावा प्राथमिक असून चिकित्सा-प्रयोगांनी त्याची खातरजमा व्हावी, असे ते स्वतःच म्हणतात. तरीही त्यांच्या समारोपाच्या वाक्याचा आशय पाहावा: ‘करीसेवनातून’ अधिक चांगली बोधनक्षमता लाभते, याचा प्राथमिक पुरावा. त्या एका विभक्तिप्रत्ययात सहसंबंधाचा कार्यकारणभाव झाला. ‘प्राथमिक’ हे विशेषण पुराव्याचे बळ कमी करते, त्याची जात बदलत नाही. दुबळा असला तरी तो कारणाचा पुरावा, असाच वाचकाचा समज होतो.

मराठीत तर हा निसरडेपणा अधिकच आहे. ‘करी खाणाऱ्यांत गुण अधिक आढळले’ आणि ‘करी खाल्ल्याने गुण अधिक आढळले’ या दोन वाक्यांत अंतर केवळ एका ‘ने’चे. अनुवाद करताना, गोषवारा लिहिताना, सभेत बोलताना हा ‘ने’ वा ‘मुळे’ आपोआप येऊन बसतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता क्रियापदास पद्धतीपुढे उभे करू. त्यासाठी आपणांस परकी साधने आणण्याचेही कारण नाही. न्यायशास्त्र कारणाकडून तीन गोष्टी मागते: ते कार्याच्या पूर्वी असावे, नियमाने असावे आणि अन्यथासिद्ध नसावे. घटाच्या पूर्वी माती वाहणारे गाढव असते, म्हणून ते घटाचे कारण ठरत नाही, हे आपण विद्यार्थिदशेत शिकलो. त्या गाढवाचा शोधनिबंधाच्या परीक्षणात इतका उपयोग होईल, असे तेव्हा कोणास वाटले नसेल.

पहिली अट पूर्ववृत्तित्वाची. सिंगापूरच्या या अभ्यासात आहार आणि बोधनक्षमता यांची तुलना एकाच कालखंडातील आहे, ती २००३ सालची. करी आधी आणि बुद्धी नंतर, असे त्या आकड्यांतून सिद्ध होत नाही. उलटा क्रमही तितकाच संभवतो. स्मृतिभ्रंशाच्या अगदी आरंभी घ्राणशक्ती मंदावते, हे आता चांगले ज्ञात आहे. ज्याचा वास व स्वाद कमी झाला, जो घराबाहेर जेवावयास जाईनासा झाला, ज्याच्या पथ्यासाठी घरच्यांनी मसालेदार पदार्थ बंद केले, असा वृद्ध ‘क्वचित’ गटात जाऊन पडतो. निदान झालेले रुग्ण वगळले होते हे खरे. परंतु निदानाच्या अलीकडे राहिलेली घसरण वगळता येत नाही आणि चाचणीचे गुण त्या घसरणीनेच कमी होतात. तेव्हा चर्चेत ‘सुधारते’, ‘रक्षण करते’, ‘ऱ्हास रोखते’ असे क्रियापद दिसले की परीक्षकाने विचारावे: आधी काय मोजले आणि नंतर काय? काळाचे अंतर नसेल, तर ‘सुधारते’ या शब्दास जागाच नाही. कारण सुधारणा पाहण्यास दोन वेळा मोजावे लागते.

दुसरी परीक्षा अन्यथासिद्धीची आणि हीच कठीण. सदर चाचणीचे गुण शिक्षणावर फार अवलंबून असतात, हे ती वापरणारा प्रत्येक जण जाणतो. करी खाण्याची सवय वंश, उत्पन्न, मित्रपरिवार, बाहेर पडण्याची ताकद यांच्याशी बांधलेली असते आणि सिंगापूरसारख्या चिनी, मलय व भारतीय वस्तीच्या शहरात तर विशेषच. लेखकांनी असे अनेक घटक गणिताने समायोजित केले, परंतु समायोजन त्याच घटकाचे होते जो मोजला गेला आणि तेवढेच होते जितक्या बारकाईने तो मोजला गेला. शिक्षणाची वर्षे मोजली, म्हणून शिक्षणाचा दर्जा मोजला जात नाही. यास्तव ‘इतर सर्व घटक वगळता’ असे चर्चेत आले की, तेथे ‘मोजलेले इतर घटक वगळता’ अशी दुरुस्ती करावी. ‘स्वतंत्र घटक’ या शब्दप्रयोगाचेही तसेच. तो समीकरणातील स्वातंत्र्य दाखवितो, शरीरातील नव्हे.

याहून सूक्ष्म घसरण यंत्रणेच्या परिच्छेदात होते. चर्चेच्या मध्यभागी बहुधा असा परिच्छेद असतो की, हळदीत करक्युमिन आहे, ते शोथहर आहे, प्रयोगशाळेत ते अमायलॉइडचे थर कमी करते. यातील प्रत्येक वाक्यास संदर्भ असतो आणि प्रत्येक वाक्य आपापल्या जागी खरे असते. परंतु ते शेजारी ठेवल्याने मूळ सहसंबंध कारण होत नाही. येथे किती उड्या आहेत ते मोजावे. वृद्धांना विचारले होते करीविषयी. करीत हळद असते, तशी मिरची, धने, तेल, मासळी वा नारळाचे दूधही असते. हळदीत करक्युमिन वजनाने सुमारे ३ टक्के. १९९८ साली बंगळूर येथील शोबा व सहकाऱ्यांनी दाखविले की, निरोगी माणसांस २ ग्रॅम करक्युमिन नुसते दिले, तर रक्तात ते सापडत नाही वा अत्यल्प सापडते. पिपेरीन जोडले की प्रमाण पुष्कळ वाढते. मग अधूनमधून खाल्लेल्या करीतील काही मिलिग्रॅम मेंदूपर्यंत कसे पोहोचतात, हा प्रश्न चर्चेने स्वतः उपस्थित करावयास हवा. यंत्रणा सहसंबंधाला संभाव्यता देते, पण तिनेही मात्रेचा हिशेब द्यावयास हवा. आपल्या शास्त्रात मात्रेवाचून द्रव्याची चर्चा कोण मान्य करील?

याच परिच्छेदात आणखी एक वाक्य हटकून भेटते: भारतीय लोक हळद खातात, म्हणून भारतात अल्झायमर कमी. याचा आधार म्हणून हरियाणातील बल्लभगढ परिसरातील अभ्यास दाखविला जातो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६५ वर्षांवरील व्यक्तींमध्ये नव्या रुग्णांचे प्रमाण दर हजार व्यक्तिवर्षांस ४.७ आढळले, तुलनेस घेतलेल्या अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या भागात ते १७.५ होते. फरक मोठा आहे. परंतु हा अभ्यास हळदीचा नव्हता. कोणी किती हळद खाल्ली याची नोंद त्यात नाही. दोन प्रदेशांत आयुर्मान, शिक्षण, आहार, रुग्णाची जगण्याची मुदत, सगळेच निराळे. शिवाय अल्झायमरशी निगडित असे एपीओई-४ हे जनुकरूप बल्लभगढमध्ये कमी प्रमाणात आढळले. एवढ्या भिन्नतांतून एक हळदच निवडणे, हा आपल्या आवडीचा भाग आहे.

मग खातरजमेचे काय झाले? हाँगकाँग येथे ३४ रुग्णांवर सहा महिन्यांचा प्रयोग झाला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात बोधनक्षमतेस लाभ दिसला नाही. अर्थात त्यात प्लॅसिबो गटाचीही घसरण झाली नव्हती, त्यामुळे लाभ असता तरी तो दिसणे अवघड होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ३६ रुग्णांवरील २४ आठवड्यांच्या प्रयोगातही लाभ आढळला नाही आणि रक्तातील प्रमाण कमी होते. २०१८ साली मात्र लॉस एंजेलिस येथील स्मृतिभ्रंश नसलेल्या ४० व्यक्तींवरील प्रयोगात अधिक शोषले जाणारे करक्युमिन ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १८ महिने दिलेल्या गटात स्मरणाच्या चाचण्यांत सुधारणा नोंदली गेली. प्रयोग लहान, कल्प विशेष. तेव्हा प्रश्न अद्याप उघडा आहे. उद्या तो हळदीच्या बाजूने सुटला, तरी २००६ च्या आकड्यांनी तो सोडविला होता असे होणार नाही.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. ‘करीसेवनातून’ हा शब्द निबंधातून व्याख्यानात, व्याख्यानातून जाहिरातीत आणि जाहिरातीतून वृद्धाच्या उशाशी गोळीच्या रूपाने जातो आणि ती गोळी म्हणजे स्वयंपाकातील हळद नव्हे. शोषण वाढविलेल्या हळदीच्या पूरकांनी यकृतास इजा झाल्याच्या नोंदी २०१९ साली इटलीत झाल्या. अमेरिकेतील यकृत-इजेच्या संशोधनजाळ्याने २०२२ साली १० रुग्ण मांडले. या नोंदींनाही हीच कसोटी लावावी, असे कोणी म्हणेल, तर ते योग्यच आहे. तेथे द्रव्य इजेच्या आधी घेतले होते का, यकृताची इतर कारणे तपासून वगळली का, द्रव्य बंद केल्यावर यकृत सावरले का, हे रुग्णागणिक पाहावे लागते. आपल्या उपशयानुपशयाच्या विचारास हे फार जवळचे आहे.

आपल्या पदव्युत्तर प्रबंधांपुरते एक काल्पनिक उदाहरण देतो. बाह्यरुग्ण विभागात अम्लपित्ताचे रुग्ण व निरोगी व्यक्ती यांना झोपेविषयी विचारले आणि रुग्णांत रात्रिजागरण अधिक आढळले. चर्चेत येते, ‘रात्रिजागरणामुळे अम्लपित्ताची उत्पत्ती होते, हे या अभ्यासाने सिद्ध झाले.’ पण छातीतील जळजळ माणसास रात्री जागी ठेवते, हे प्रत्येक वैद्य जाणतो. ग्रंथातील हेतू खरा असेल. तो या कोष्टकाने सिद्ध झालेला नाही, एवढेच. मार्गदर्शकाने वाक्य असे करून घ्यावे: ‘अम्लपित्ताच्या रुग्णांत रात्रिजागरण अधिक आढळले, जागरण आधी की व्याधी आधी, हे या रचनेतून ठरत नाही, त्यासाठी निरोगी व्यक्तींची झोप आधी नोंदवून पुढे त्यांचा मागोवा घ्यावा लागेल.’ वाक्य लांबते आणि विद्यार्थी थोडा हिरमुसतो. परंतु पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यास त्यातून प्रबंधाचा विषय मिळतो.