वर्षाअखेरचा उजळणी-संच

दोन्ही सत्रांची टिपणे एकत्र शिवली म्हणजे उजळणी-संच झाला, हे आम्हांस मान्य नाही. इयत्ता सातवीचा इतिहास घेऊ. पहिल्या सत्रात शिवकालीन जमीनमोजणी व सारा येतो. दुसऱ्या सत्रात चौथाई व सरदेशमुखी. आठवीत इंग्रजांची महसूलव्यवस्था. म्हणून संचात आम्ही महसुलाचा एकच धागा धरतो. प्रत्येक सत्राची दोन वाक्ये लिहितो आणि त्यांखाली पुढील वर्षासाठी एक प्रश्न ठेवतो: सारा कोण ठरवी आणि पीक बुडाल्यास काय होई? बंगालमध्ये १७९३ साली कायमधाऱ्याने जमीनदाराचा भरणा कायमचा ठरविला. पीक बुडाले तरी तो चुकत नसे. हे वाचताना तुलना विद्यार्थी स्वतःच करतो.

दुसरी गफलत सनावळीची. पुस्तके दोन असल्यामुळे सातवीतील पानिपत आधी व आठवीतील प्लासी नंतर, असे मुले समजतात. १७५७ व १७६१ एकाच रेषेवर मांडले की हा समज गळतो.

सुटीनंतर जूनमध्ये वही मिटवून तोच प्रश्न विचारावा. मुलाने केवळ संज्ञा सांगितल्या, तर संच फसला. कारण सांगितले, तर साधला.