शब्द मोजून शीर्षक?

'जो शब्द जास्त वेळा येतो, तेच उताऱ्याचं शीर्षक' ही शिकवणीतली युक्ती मला साफ अमान्य आहे. शब्द मोजायला चार ओळींचा कोड पुरतो. त्याला वाचन म्हणत नाहीत.

आमच्या संग्रामपूरच्या खारपाणपट्ट्यावरचा उतारा समजा: विहिरींना पाणी आहे, पण खारं, पिण्याला चालत नाही, पिकालाही मानवत नाही. युक्ती म्हणेल, 'पाणी'. ते तर पुरावरच्या उताऱ्यालाही चालेल. 'पाणीटंचाई' चूकच, पाणी आहे ना!

सगळा उतारा त्या 'पण'वर वळतो. म्हणून आधी मध्यवर्ती कल्पना पूर्ण वाक्यात लिहा: पाणी असूनही खारेपणामुळे उपयोगाचं नाही. मग शीर्षक. 'भरल्या विहिरी, कोरडे घसे' ऐकायला झकास, पण त्यात पिकं सुटतात. 'असून नसलेलं पाणी' मात्र दोन्ही धरतं.