गाडी दुकानाच्या नावावर, पण पडते केवढ्याला?

मैत्रिणींनो, २०२५ सालच्या नवरात्रातली गोष्ट. घटस्थापनेच्या दिवशी, म्हणजे २२ सप्टेंबरला, लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि आमच्या नांदेडात ज्याच्या त्याच्या तोंडी गाडीचाच विषय. आमच्याही घरात तो शिरला. यजमानांच्या मनात सहा लाखांपर्यंतची साधी गाडी होती. पण विक्रेत्याने त्यांना बसवून चहा पाजला आणि सांगितलं, "साहेब, दहा लाखांचीच घ्या. दुकानाच्या नावावर टाका. घसाऱ्यात निम्मी किंमत वसूल होते!"

हे घरी येऊन तेच वाक्य मला ऐकवू लागले. आता सहा आणि दहा यांतला चार लाखांचा फरक आमच्या घरी कुठून येणार होता, ते मला पक्कं ठाऊक होतं. लेकीला अकरावी-बारावीला लातूरला ठेवायचं म्हणून आम्ही जमवलेली ती पुंजी. त्यामुळे म्हटलं, हे "वसूल होणं" म्हणजे नेमकं काय, ते आपण समजून घ्यायलाच हवं.

योगायोगाने त्याच आठवड्यात लातूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. त्यांचं शेतीच्या पाइपांचं नि पंपांचं दुकान आहे. "ताई, हे पण दुकानातूनच गाडी घ्यायची म्हणतेत. घेऊ द्यावी का गं?" मग मी शंभर पानी वही घेतली आणि आमचा कराचा हिशेब बघणाऱ्या काकांकडे जाऊन बसले. तिथे जे कळलं ते तुम्हालाही सांगते.

आधी घसारा म्हणजे काय ते पाहू. आपला मिक्सर दरवर्षी थोडा झिजतो, तशी गाडीही झिजते. धंद्यासाठी वापरलेल्या वस्तूची ही झीज खर्च म्हणून नफ्यातून वजा करू देतात, तोच घसारा. सर्वसाधारण मोटारगाडीचा दर आहे १५ टक्के, आणि तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. दहा लाखांच्या गाडीवर पहिल्या वर्षी दीड लाख घसारा. वह्यांत गाडी उरली साडेआठ लाखांची. दुसऱ्या वर्षी साडेआठ लाखांचे १५ टक्के, म्हणजे १,२७,५००. असा आकडा दरवर्षी उतरत जातो. पाच वर्षांचा मिळून घसारा होतो सुमारे ५ लाख ५६ हजार, आणि वह्यांत गाडी राहते ४ लाख ४४ हजारांची. "आमच्या पाहुण्यांना ३० टक्के मिळाला" असं कोणी सांगेल. तो दर भाड्याने चालणाऱ्या गाड्यांचा. बाकीच्यांना तो मिळाला तो फक्त २३ ऑगस्ट २०१९ ते ३१ मार्च २०२० या काळात घेऊन वापरात आणलेल्या गाड्यांना.

म्हणजे विक्रेता खोटं बोलत नव्हता बरं का. निम्म्याहून जास्त किंमत खरोखरच खर्चात मांडली जाते. पण खर्चात मांडणं वेगळं आणि पैसे हातात येणं वेगळं! दीड लाख घसारा मांडला म्हणजे दीड लाखांवरचा कर वाचला, दीड लाख नव्हे. कर किती वाचला, हे तुमच्या नफ्याच्या सगळ्यात वरच्या रुपयावर किती टक्के कर लागतो, त्यावर ठरतं.

आता बहिणीचाच हिशेब मांडते. तिच्या दुकानाचा सगळा खर्च जाऊन नफा साधारण १८ लाख. नव्या करपद्धतीत २०२५-२६ या वर्षासाठी १६ ते २० लाखांच्या टप्प्यावर कर २० टक्के, त्यावर ४ टक्के उपकर. म्हणजे वरच्या प्रत्येक रुपयामागे २० पैसे आणि थोडे. पहिल्या वर्षी दीड लाखांच्या घसाऱ्यामुळे तिचा कर वाचतो ३१,२००. पाच वर्षांत, आजचेच दर आणि एवढाच नफा राहिला असं धरून, सुमारे १ लाख १६ हजार.

बहीण खूश झाली. पण काका म्हणाले, "थांबा, गाडी विकाल तेव्हाचं काय?" समजा पाच वर्षांनी गाडी पाच लाखांना गेली. वह्यांत तर ती ४ लाख ४४ हजारांचीच आहे. वरचे ५६ हजार म्हणजे झीज जास्त मांडली गेली होती. दुकानाच्या वह्यांत त्या दराची दुसरी काही यंत्रं नसतील तर ते ५६ हजार त्या वर्षीचा नफा धरून त्यांवर कर लागतो, सुमारे ११,७००. यंत्रं असतील तर तेवढी किंमत त्यांच्यातून वजा होऊन पुढचा घसारा कमी होतो. शिवाय दुकान जीएसटीत नोंदलेलं असेल तर या वरच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी दहा हजार.

बेरीज-वजाबाकी केली तेव्हा उरली बचत सुमारे ९४ हजार. गंमत पाहा, गाडीची खरी झीज झाली पाच लाखांची, दहाची पाच झाली म्हणून. त्या पाच लाखांच्या वीस टक्क्यांच्या आसपासच बचत आली. घसारा कितीही मांडा, शेवटी सरकार आपल्या खऱ्या नुकसानीत कराच्या दराएवढाच वाटा उचलतं. त्याहून जास्त काही नाही.

आणि हेसुद्धा गाडी पूर्णपणे धंद्यासाठी वापरली तर. बहिणीचे यजमान वसुलीला अहमदपूर, उदगीर, निलंगा असे फिरतात, ते खरं. पण रविवारी तुळजापूर आणि माहेरी नांदेड हेही त्याच गाडीतून! घरच्या वापराचा हिस्सा घसाऱ्यातून वगळावा लागतो. पाऊण धंद्याचा आणि पाव घरचा धरला तर बचत साधारण सत्तर हजारांवर येते. पाच वर्षांत सत्तर हजार, म्हणजे वर्षाला चौदा हजार. पेट्रोल, विमा, दुरुस्ती आणि कर्जाचं व्याज यांचाही पाऊण हिस्सा खर्चात धरता येतो, पण त्यावरही वाचतो तो तेवढ्याच टक्क्यांचा कर. लक्षात ठेवा, व्याज धरता येतं, पूर्ण हप्ता नव्हे. हप्त्यातली मुद्दल हा खर्च नाही, तिची बाजू घसारा सांभाळतो.

दहाची गाडी पाच लाखांना गेली, तर घरच्या नावावर घेतल्यास ती पाच लाखांना पडते आणि बहिणीच्या दुकानातून घेतल्यास सुमारे ४ लाख ३० हजारांना. फायदा आहे, नाही असं नाही. पण यात "निम्मी किंमत" कुठे आली?

तिने गाडी घ्यायचीच ठरवली तेव्हा काकांनी दोन गोष्टी बजावल्या. पहिली तारखेची. ३१ मार्चपर्यंत गाडी १८० दिवसांहून कमी वापरली तर त्या वर्षी घसारा निम्माच, साडेसात टक्के. २०२५ चा दसरा होता २ ऑक्टोबरला. त्या दिवशी गाडी वापरात आली तर ३१ मार्चपर्यंत १८१ दिवस भरत होते, पूर्ण घसारा. दिवाळीचा पाडवा होता २२ ऑक्टोबरला, तेव्हा घेतली तर १६१ दिवस, म्हणजे निम्मा. पाडव्याने बहिणीचे घसाऱ्यातले ७५ हजार पुढे ढकलले गेले असते. ते बुडाले नसते, पुढल्या वर्षांत हळूहळू मिळाले असते. पण पहिल्या वर्षीचा कर साडेपंधरा हजारांनी जास्त भरावा लागला असता. आणि नुसती पावती फाडून चालत नाही, गाडी वापरात यायला हवी. तिने दसराच गाठला.

दुसरी गोष्ट गल्ल्याची. दुकानदाराच्या घरी रोख असते, "बुकिंगचे पन्नास हजार रोखच देऊन टाकू" असं सहज होतं. पण एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिली तर ती रक्कम गाडीच्या किमतीत धरत नाहीत आणि तिच्यावर घसारा कधीच मिळत नाही. चेकने द्या किंवा बँकेतून पाठवा. "भरलेला जीएसटी परत मिळतो" असंही कानावर येईल. तुमचा धंदा गाड्या विकण्याचा, प्रवासी नेण्याचा किंवा गाडी शिकवण्याचा नसेल तर साध्या मोटारीवरचा तो परत मिळत नाही. तो गाडीच्या किमतीतच राहतो आणि त्यावर घसारा मिळतो, एवढंच.

आता आमचं सांगते. आमच्या नांदेडच्या दुकानाचा वर्षाचा नफा नऊ लाखांच्या आसपास. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर २०२५-२६ साठी सवलत धरून कर शून्य! काकांनी वहीत मोठं शून्य काढलं आणि म्हणाले, "वहिनी, जो कर लागतच नाही तो वाचणार कसा?" दीड लाख घसारा मांडला काय किंवा न मांडला काय, आमच्या हातात एक रुपयाही जास्त येणार नव्हता. उलट वह्यांतली किंमत मात्र दरवर्षी उतरत जाणार. शिवाय बरेच लहान दुकानदार उलाढालीचे सहा किंवा आठ टक्के नफा धरून कर भरतात. त्यांचा घसारा त्या टक्क्यांतच आला असं मानलं जातं, वेगळा मागता येत नाही. तुमच्याकडेही तसंच असेल तर गाडीचा खर्च कराच्या हिशेबात शिरतच नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी वही ह्यांच्यासमोर ठेवली. बहिणीचं पान आणि आमचं पान शेजारी शेजारी. हे दोन्ही पानं बराच वेळ पाहत बसले. मग म्हणाले, "म्हणजे चार लाख आपलेच जाणार होते." सहा लाखांच्या आतली गाडी आम्ही सावकाश घेतली, साध्या घरच्या नावावर, आणि लेकीची पुंजी आहे तिथेच राहिली.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरी कोणी "दुकानातून घेऊ, टॅक्समध्ये सुटेल" म्हणालं, तर भांडू नका. हिशेबनीसांना तीनच प्रश्न विचारा. आपल्या वरच्या रुपयावर कर किती टक्के? आपण खरा नफा दाखवतो की उलाढालीचे टक्के? आणि गाडी धंद्याला किती, घरी किती फिरणार? तीन उत्तरं वहीत लिहा, मग गाडीचा रंग निवडा.